एक चाल, तीन फाइली

पडद्यावरच्या पात्राची चाल सहसा एकाच सॉफ्टवेअरमध्ये तयार होत नाही. खऱ्या माणसाच्या अंगावर खुणा लावून ती टिपली जाते, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पात्राच्या सांगाड्यावर चढवली जाते आणि शेवटी खेळाच्या इंजिनात किंवा ब्राउझरमध्ये दिसते. प्रत्येक टप्प्यावर ती एका फाइलीतून पुढे जाते. ती फाइल बहुधा बीव्हीएच, एफबीएक्स किंवा जीएलटीएफ यांपैकी असते. तिन्ही ‘हालचाल’ साठवतात, पण हालचालीतले काय नोंदवायचे हे प्रत्येकीने वेगळे ठरवलेले आहे. जे नोंदवले जात नाही ते वाटेतच गळते, आणि तसे घडल्याची सूचनाही मिळत नाही.

हे समजण्यासाठी एकच चाल घेऊन तिन्ही टप्पे पाहू. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने टिपलेल्या हालचालींचा मोठा संग्रह सर्वांसाठी खुला ठेवला आहे. नवशिक्या ॲनिमेटरांच्या हाती बहुतेक वेळा तिथलीच एखादी चाल पहिल्यांदा येते. मूळ नोंदी वेगळ्या स्वरूपात आहेत, पण त्यांची बीव्हीएच रूपांतरे सर्वत्र वापरली जातात. समजा आपली चाल पाच सेकंदांची आहे. टिपण्याचा वेग सेकंदाला १२० फ्रेम, म्हणून फाइलीत ६०० फ्रेम आहेत.

बीव्हीएच हे बायोव्हिजन या मोशन कॅप्चर कंपनीचे जुने स्वरूप. ती साधी मजकुराची फाइल असल्यामुळे कुठल्याही एडिटरमध्ये उघडून वाचता येते. वरच्या भागात सांगाडा असतो: कमरेपासून सुरुवात करून कोणता सांधा कोणाला जोडलेला आहे आणि किती अंतरावर आहे. खालच्या भागात हालचाल असते, आणि दर फ्रेमला आकड्यांची एक ओळ.

```
ROOT Hips
{
  OFFSET 0.0 0.0 0.0
  CHANNELS 6 Xposition Yposition Zposition Zrotation Yrotation Xrotation
  ...
}
MOTION
Frames: 600
Frame Time: 0.0083333
```

`CHANNELS` ची ओळ सांगते की आधी कमरेची जागा येईल, मग तीन अक्षांभोवतीचे कोन, आणि ते कोणत्या क्रमाने. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण तेच तीन कोन वेगळ्या क्रमाने लावले तर हात वेगळ्याच दिशेला जातो. बीव्हीएच क्रम प्रामाणिकपणे नोंदवते. आकडे कोणत्या एककात आहेत हे मात्र ती कुठेही सांगत नाही.

आपल्या चालीत उभ्या माणसाच्या कमरेची उंची साधारण १७ ते १८ असते. ब्लेंडर हा आकडा मीटर समजतो, त्यामुळे पात्राची कंबर पाचव्या मजल्याच्या उंचीवर जाते. अनेक जण मग नजरेच्या अंदाजाने सांगाडा लहान करतात. त्यात पात्र माणसाएवढे दिसते, पण पावलाची लांबी आणि जमिनीवरचा वेग थोडा चुकीचा राहतो. नेमके गुणोत्तर त्या संग्रहानेच दिले आहे: आकड्याला ०.४५ ने भागायचे म्हणजे इंच मिळतात, आणि त्यांचे मीटर करायचे. म्हणजे प्रत्येक एकक सुमारे ०.०५६४ मीटर. १७.५ ला त्याने गुणले की कंबर ९९ सेंटिमीटरवर येते, प्रौढ माणसाची असते तशी. हे गुणोत्तर फाइलीत नाही, ते संग्रहाच्या माहितीपानावर आहे. फाइल एकटी पुढे पाठवली की ते मागे राहते.

दुसरी अडचण वेळेची. `Frame Time` मुळे वेग फाइलीत आहे, पण वाचणाऱ्याने तो वाचायला हवा. ब्लेंडरमध्ये बीव्हीएच आणताना `Scale FPS` निवडले नाही, तर फाइलीतली एक फ्रेम म्हणजे दृश्यातली एक फ्रेम असा हिशोब होतो. दृश्य सेकंदाला २४ फ्रेमचे असेल तर ६०० फ्रेमना २५ सेकंद लागतात आणि माणूस पाचपट संथ चालतो. खूण निवडली की पाच सेकंदांची चाल पाच सेकंदांतच बसते.

बीव्हीएचमध्ये कातडी नाही, चेहऱ्याचे भाव नाहीत, हाडाचे लहानमोठे होणे नाही. पण टिपलेल्या हालचालीसाठी जे लागते ते दर फ्रेमला, काटछाट न करता त्यात असते. म्हणून मोशन कॅप्चरमधून सांगाड्यापर्यंतच्या पहिल्या टप्प्यासाठी ती आजही योग्य आहे.

आता चाल पात्रावर चढली. ॲनिमेटरने पावले जमिनीवर टेकवून ठेवण्यासाठी इन्व्हर्स कायनेमॅटिक्स, म्हणजे आयके लावले. यात पाऊल कुठे राहील एवढेच तो ठरवतो. गुडघा आणि मांडी किती वळेल ते सॉफ्टवेअर काढते. ही चाल खेळाच्या इंजिनात न्यायची असेल, तर बहुतेक स्टुडिओंमध्ये एफबीएक्स निवडले जाते.

एफबीएक्सचा जन्म माँट्रियलच्या कायडारा कंपनीच्या फिल्मबॉक्स या सॉफ्टवेअरसोबत झाला. २००४ मध्ये कायडारा एलियासकडे गेली आणि २००६ मध्ये एलियास ऑटोडेस्ककडे. फिल्मबॉक्सचेच पुढे मोशनबिल्डर झाले. एफबीएक्समध्ये सांगाडा, कातडी, भाव, कॅमेरा, कीफ्रेममधले कर्व्ह, एका फाइलीत अनेक हालचाली असे खूप काही मावते. पण या स्वरूपाचे अधिकृत तपशील ऑटोडेस्कने खुले केलेले नाहीत. कंपनी वाचण्या-लिहिण्याचे तयार साधन देते, मात्र त्याचा परवाना ब्लेंडरच्या मुक्त परवान्याशी जुळत नाही. म्हणून ब्लेंडरच्या लोकांनी फाइलींची रचना स्वतः उलगडून आपले वेगळे साधन लिहिले. परिणामी एफबीएक्समधून काय गळेल, हे ती फाइल कोणी लिहिली आणि कोणी वाचली यावर ठरते. मायातून मोशनबिल्डरमध्ये जाताना कर्व्ह आपल्या आकारासह टिकू शकतात. ब्लेंडर मात्र बाहेर लिहिताना हालचाल फ्रेमागणिक मोजून पक्की करतो, म्हणजे बेक करतो. कीफ्रेमचे हँडल आणि आयकेचे नाते त्यात उरत नाही; उरतात फक्त कोन.

इथे पाऊल घसरायला लागते. ब्लेंडरच्या एफबीएक्स निर्यातीत `Simplify` नावाचा आकडा असतो. तो शून्याहून जास्त असला की सॉफ्टवेअरला अनावश्यक वाटणाऱ्या कीफ्रेम काढून टाकल्या जातात. समजा त्यामुळे मांडीच्या कोनात अर्ध्या अंशाचा फरक पडला. मांडीपासून टाचेपर्यंत ९० सेंटिमीटर धरले, तर टाच सुमारे ८ मिलिमीटर सरकते. मांडीकडे पाहून हे कोणाला कळणार नाही, पण टेकलेली टाच जमिनीवर थरथरताना लगेच दिसते. उपाय सोपा आहे: चालण्याच्या हालचालीसाठी `Simplify` शून्य ठेवावे. फाइल मोठी होते, पण पाऊल जागेवर राहते.

एफबीएक्समधल्या सांध्याला स्वतःची लांबी नसते. पुढचा सांधा कुठे आहे त्यावरून ती कळते. बोटाच्या टोकाला पुढचा सांधाच नसतो, म्हणून `Add Leaf Bones` निवडलेले असेल तर ब्लेंडर प्रत्येक टोकाला एक जादा हाड जोडतो. फाइल चार वेळा इकडून तिकडे गेली की अशा हाडांची भर पडत जाते. इंजिनात न्यायची असेल तर ही खूण काढून टाकलेली बरी.

आता तेच पात्र ब्राउझरमध्ये दाखवायचे आहे. इथे जीएलटीएफ. क्रोनोस ग्रुपने त्याची पहिली आवृत्ती २०१५ मध्ये आणि दुसरी २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे त्याला आयएसओ मानकाचा दर्जा मिळाला. तपशील संपूर्ण खुले आहेत आणि बीव्हीएचने मोकळे सोडलेले सगळे त्यात बांधून दिलेले आहे: अंतर मीटरमध्ये, वेळ सेकंदांत, वरची दिशा वाय अक्षाची. आपल्या चालणाऱ्याची कंबर इथे ०.९९ लिहिली जाते आणि सगळीकडे तशीच वाचली जाते.

पण जीएलटीएफ तीन कोनांऐवजी क्वाटर्नियन साठवते. ही चार आकड्यांची नोंद असते, आणि ती वस्तू कोणत्या दिशेला वळलेली आहे एवढेच सांगते. तिथे पोचण्याआधी किती फेरे झाले हे सांगत नाही. चालणाऱ्याच्या डोक्यावर छताचा पंखा आहे आणि ॲनिमेटरने दोनच कीफ्रेम दिल्या आहेत असे समजा: सुरुवातीला ० अंश, एका सेकंदानंतर १०८० अंश, म्हणजे तीन फेरे. अंशांत लिहिणाऱ्या एफबीएक्सला १०८० लक्षात ठेवता येतो. क्वाटर्नियनच्या दृष्टीने दोन्ही स्थिती एकच आहेत, त्यामुळे या दोनच कीफ्रेम तशाच गेल्या तर ब्राउझरमध्ये पंखा थांबलेला दिसतो. दोन नोंदींमध्ये जवळचा मार्ग घेतला जातो, म्हणून सलग दोन कीफ्रेममधले वळण १८० अंशांहून कमी असायला हवे. ब्लेंडरच्या निर्यातीत प्रत्येक फ्रेमची नोंद घेण्याचा पर्याय आहे. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर तीन फेऱ्यांच्या पंख्याला दर फ्रेमला ३६ अंशच वळावे लागते आणि तो नीट फिरतो.

जीएलटीएफमध्ये फ्रेमचा वेगही नसतो, फक्त सेकंद असतात. पाहणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. पण २४ फ्रेमच्या दृश्यातून निघालेली फाइल कोणी ३० फ्रेमच्या दृश्यात परत आणली, तर फ्रेम १ ची नोंद १.२५ वर, फ्रेम २ ची २.५ वर पडते आणि संपादन किचकट होते. हाडाचे टोक त्यातही नाही. परत आणताना सॉफ्टवेअर ते अंदाजाने ठरवते. कातडीचा प्रत्येक बिंदू किती हाडांना बांधलेला आहे यावरही मर्यादा येते. चार हाडांपर्यंतचा आधार सर्वत्र मिळतो, त्यापुढे खात्री नाही; म्हणून सहा हाडांना बांधलेला खांदा वेगळा वळू शकतो. जीएलटीएफ दाखवण्यासाठी घडवलेले आहे, परत उघडून दुरुस्त करण्यासाठी नाही.

नुकसान झाले का हे ओळखायला एक तपासणी पुरते. निर्यात केलेली फाइल रिकाम्या दृश्यात परत आणा आणि मूळ पात्राशी तुलना करा. चाल एकूण किती सेकंदांची आहे ते पाहा. कंबर किती मीटरवर आहे ते पाहा. मग टाच टेकलेली असताना तीन फ्रेम निवडून दोन्हीकडची टाचेची जागा लिहून घ्या. वेळ चुकली तर फ्रेमच्या वेगात गडबड आहे, उंची चुकली तर एककात, आणि टाच हलली तर कीफ्रेम गळल्या आहेत. काही रूपांतरित बीव्हीएच फाइलींत पहिली फ्रेम हात पसरून उभे राहण्याची असते. चाल सुरू होताना पात्र झटका देत असेल तर ती काढावी.

निवड करताना पुढे ही फाइल कोण वाचणार आणि ती परत येणार का, हे दोन प्रश्न विचारावेत. फक्त टिपलेली हालचाल एका सांगाड्यावरून दुसऱ्यावर न्यायची असेल तर बीव्हीएच, आणि सोबत एककाची चिठ्ठी. कातडी आणि भावांसह पात्र दुसऱ्या संपादन-सॉफ्टवेअरमध्ये किंवा इंजिनात न्यायचे असेल तर एफबीएक्स, आणि आधी त्याच दोन सॉफ्टवेअरमध्ये चाचणी. काम संपून लोकांसमोर ठेवायचे असेल तर जीएलटीएफ. आयके, नियंत्रणे आणि कर्व्ह जसेच्या तसे फक्त मूळ सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फाइलीत टिकतात. म्हणून दुरुस्ती नेहमी तिथे करावी आणि पाठवायची फाइल दर वेळी नव्याने काढावी.