कलम १३९(९)ची नोटीस : मागणी, कारण आणि मुदत

मुलुंड येथील आमचे एक व्यवसायबंधू सप्टेंबर २०२४ मध्ये आयकर खात्याची नोटीस घेऊन आमच्याकडे आले. ‘किती भरावे लागणार?’ हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता. आम्ही ती दोनदा वाचली. भरावयाची रक्कम तीत कोठेच नव्हती.

ती नोटीस आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम १३९(९) खालील, म्हणजे सदोष विवरणपत्राची होती. कोऱ्या कागदावर आम्ही प्रथम मागणी लिहिली : ‘२०२४-२५ या कर-निर्धारण वर्षाचे विवरणपत्र दुरुस्त करून पुन्हा भरावे, अथवा दोष मान्य नसल्यास तसे कळवावे.’

कारण शोधण्यास अधिक वेळ लागला, कारण तो मजकूर कलमांच्या गर्दीत दडलेला असतो. हे वैद्यराज घाटकोपरच्या एका रुग्णालयात सल्लागार आहेत आणि त्यांची दुसरी प्राप्ती नाही. रुग्णालयाने वर्षभरात ९,६०,००० रुपये मानधनावर दहा टक्के, म्हणजे ९६,००० रुपये उद्गम कर कापला. बँकेत जमा झाले ८,६४,०००, आणि विवरणपत्रात त्यांनी तेवढीच प्राप्ती दाखविली. कापलेल्या कराचे श्रेय मात्र पूर्ण मागितले. म्हणून आम्ही लिहिले : ‘श्रेय मागितलेल्या करामागील प्राप्ती फॉर्म २६एएसमध्ये ९,६०,०००, विवरणपत्रात ८,६४,०००.’ लक्षण आणि हेतू यांची गल्लत येथेही होते. ‘विवरणपत्र सदोष’ हे लक्षण, ९६,००० रुपयांचा फरक हा हेतू.

मुदतीत तर घात होता होता राहिला. नोटीस ई-मेलने १० सप्टेंबरला आली होती. त्यांनी ती उघडली २१ तारखेस, आणि पंधरा दिवस तेथून मोजले. मुदत नोटीस मिळाल्यापासून धावते. आम्ही लिहिले : ‘२५ सप्टेंबर.’ हातात चारच दिवस उरले होते. मुदत टळली असती तर विवरणपत्र अवैध, म्हणजे जणू भरलेच नाही, असे ठरले असते.

कलम ४४एडीएच्या गृहीत उत्पन्नाच्या योजनेत प्राप्तीच्या निम्मे, म्हणजे ४,३२,००० ऐवजी ४,८०,००० रुपये उत्पन्न धरावे लागले. सवलतीनंतर कर शून्यच राहिला. पणाला लागला होता तो ९६,००० रुपयांचा परतावा.

संकेतस्थळावरील e-Proceedings मध्ये Agree निवडून त्यांनी दुरुस्त विवरणपत्र २४ तारखेस भरले आणि ई-पडताळणीही केली. रुग्णालयाचीच नोंद चुकली असती तर Disagree निवडून कारण द्यावे लागले असते, आणि रुग्णालयाकडून त्याचे उद्गम कराचे विवरण दुरुस्त करून घ्यावे लागले असते. ही चूक कोणाची, ते नोटीस सांगत नाही. ते आपले बिल आणि २६एएस शेजारी ठेवल्यावरच कळते.