पाचवीच्या प्रकल्पासाठी मुलांना समजेल असे रुब्रिक: बिदरी कामाचे उदाहरण

राष्ट्रीय सेवा योजना किंवा महाविद्यालयाच्या उपक्रमातून तुमच्यापैकी अनेकांना जवळच्या शाळेत प्रकल्पांचे परीक्षक म्हणून बोलावले जाते. ‘आपल्या भागातील पारंपरिक कला’ हा पाचवीचा नेहमीचा विषय. मूल पाच मिनिटे बोलते आणि तुम्हाला गुण द्यायचे असतात. हातात निकष नसेल तर गुण बहुधा रंगीत तक्त्याला आणि मोठ्या आवाजाला जातात. या पाठात आपण अशा सादरीकरणासाठी रुब्रिक कसे तयार करायचे ते पाहू. रुब्रिक म्हणजे कशाला किती गुण आणि ते का, हे आधीच लिहून ठेवलेला तक्ता.

१. आधी कला समजून घ्या

परीक्षकाला कामाच्या पायऱ्या माहीत नसतील तर निकष मोघम होतात. कर्नाटकातील बिदर येथील बिदरी काम घेऊ. भांडे जस्ताच्या मिश्रधातूचे असते. त्यात जस्त बरेच जास्त आणि तांबे थोडे असते. मुलांसाठी या कामाच्या पाच पायऱ्या करता येतात:

1. धातू वितळवून वाळूच्या साच्यात ओतणे.
2. कानशीने घासून पृष्ठभाग गुळगुळीत करणे, मग मोरचुदाचे पाणी लावून तो तात्पुरता काळा करणे.
3. काळ्या पृष्ठभागावर छिन्नीने नक्षी कोरणे.
4. कोरलेल्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवणे आणि वरून पुन्हा घासणे.
5. भांडे थोडे गरम करून त्यावर नवसागर आणि बिदरच्या किल्ल्यातील माती यांचा ओला लेप लावणे. मिश्रधातू कायमचा काळा होतो आणि चांदी पांढरी राहते. शेवटी तेल लावून चमक आणतात.

यात दोन ‘का’ दडलेले आहेत. कोरण्याआधी भांडे तात्पुरते काळे का करतात? छिन्नीची रेघ काळ्यावर स्पष्ट दिसावी म्हणून. शेवटच्या लेपाने चांदी काळी का होत नाही? तो लेप जस्ताच्या मिश्रधातूवर परिणाम करतो, चांदीवर करत नाही. पाचवीच्या मुलाकडून एवढेच उत्तर पुरेसे आहे, रासायनिक समीकरण अपेक्षित नाही.

२. तक्ता मुलाच्या शब्दांत लिहा

‘विषयाचे आकलन: उत्तम / चांगले / साधारण’ असे लिहिले तर मुलाला काय करायचे ते कळत नाही आणि दोन परीक्षकांचे ‘चांगले’ एकसारखे नसते. म्हणून प्रत्येक चौकटीत ऐकू येईल किंवा दिसेल अशी कृती लिहा, आणि ती ‘मी’ने सुरू करा.

| निकष | १ गुण | २ गुण | ३ गुण |
|---|---|---|---|
| कामाचा क्रम | मी एक-दोन पायऱ्या सांगितल्या | मी तीन-चार पायऱ्या सांगितल्या, किंवा पाचही सांगितल्या पण मागेपुढे झाल्या | मी पाचही पायऱ्या क्रमाने सांगितल्या |
| कारण (गुण दुप्पट) | मी काय करतात ते सांगितले | मी एका पायरीचे कारण सांगितले | मी दोन पायऱ्यांची कारणे सांगितली |
| माहिती कुठून आणली | मी वाचलेली माहिती सांगितली | ती कुठे वाचली तेही सांगितले | मी कोणाला काय विचारले, किंवा वस्तू हातात घेऊन काय पाहिले, ते सांगितले |
| सांगण्याची पद्धत | मी कागदावरून वाचले | मी मधूनमधून कागद पाहिला | मी चित्र किंवा वस्तू दाखवत माझ्या शब्दांत सांगितले |

एकूण १५ गुण होतात. पहिल्या चौकटीतही ‘सांगितले नाही’ असे न लिहिता मुलाने काय केले ते लिहिले आहे. त्यामुळे पुढच्या चौकटीत जायला काय हवे, हे मुलाला शेजारीच वाचता येते. ‘कारण’ या निकषाला दुप्पट गुण आहेत, कारण पायऱ्या पाठ करता येतात, पण कारण समजल्याशिवाय सांगता येत नाही. तिसऱ्या निकषात ‘कोणाला’ हा शब्द मुद्दाम मोकळा ठेवला आहे. प्रत्येक मुलाला कारागिरापर्यंत पोहोचता येत नाही. दुकानदाराला किंवा आजीला विचारले तरी चालेल.

काही गोष्टी तक्त्यात मुद्दाम नाहीत. चकचकीत तक्ता आणि महागडे मॉडेल यांचे गुण पालकांच्या खर्चाला मिळतात. भाषेच्या शुद्धतेलाही गुण नाहीत. बिदर परिसरातील मूल घरी कन्नड, मराठी किंवा दखनी बोलत असेल. त्याने कारण आपल्या बोलीत सांगितले तरी ते कारणच आहे.

३. गुण देऊन पाहू

समजा, एक मुलगी बिदरीवर बोलते. ओतणे, कोरणे, चांदी बसवणे आणि काळे करणे या चार पायऱ्या ती सांगते, घासण्याची पायरी राहते. क्रमाला २ गुण. काकांच्या घरची बिदरी डबी हातात घेऊन पाहिली, तेव्हा चांदी कुठेही वर आलेली लागली नाही, असे ती सांगते. माहितीला ३. कागद न पाहता चित्र दाखवत बोलते, म्हणून पद्धतीला ३. येथवर ८ झाले.

कारण मात्र ती स्वतःहून सांगत नाही. परीक्षक विचारतो, “चांदी काळी का झाली नाही?” ती म्हणते, “तो लेप जस्तावर चालतो, चांदीवर नाही.” पहिला परीक्षक म्हणतो, उत्तर अचूक आहे, २ द्या. दुसरा म्हणतो, सादरीकरणात कारण नव्हते, १ द्या. दुप्पट केल्यावर एकाची बेरीज १२ होते आणि दुसऱ्याची १०.

चूक परीक्षकांची नसून वाक्याची आहे. कारण विचारल्यावर सांगितले तर काय, हे तक्त्यात लिहिलेलेच नाही. म्हणून दोन चौकटी बदलू. २ गुण: ‘विचारल्यावर मी एका पायरीचे कारण सांगितले.’ ३ गुण: ‘कोणी विचारण्याआधी मी एका पायरीचे कारण सांगितले.’ आता दोघांनाही २ द्यावे लागतात आणि एकूण १२ होतात.

वापरण्याआधी अशी चाचणी जरूर घ्या. दोघांनी तीच तीन सादरीकरणे ऐकून स्वतंत्रपणे गुण द्यावेत. एखाद्या निकषात फरक पडला तर सरासरी काढू नका, त्या चौकटीतले वाक्य बदला.

४. कधी द्यायचे आणि मर्यादा काय

हा तक्ता प्रकल्प सुरू होतानाच मुलांच्या हाती द्या. सादरीकरणानंतर आधी मुलाला स्वतःच्या चौकटीवर खूण करू द्या, मग तुम्ही करा. खुणा वेगळ्या पडल्या तर त्याच वाक्यावर बोट ठेवून बोला.

घरच्यांनी किती मदत केली हे मात्र रुब्रिक सांगू शकत नाही. पाठ करून घेतलेले भाषण ओळखायचे असेल तर क्रम उलटा करून एक प्रश्न विचारा: “आधी चांदी बसवली आणि मग कोरले तर?” समजलेले मूल थोडे थांबेल आणि म्हणेल, “मग चांदी बसणार कुठे?” केवळ पाठ केलेले मूल बहुधा भाषण पहिल्यापासून सुरू करील.

स्वाध्याय: तुमच्या भागातील एका कलेच्या चार ते सहा पायऱ्या लिहा. त्यातील दोन ‘का’ शोधा आणि वरील तक्त्यातील ‘क्रम’ व ‘कारण’ हे दोन निकष त्या कलेसाठी पुन्हा लिहा.