गालात धान्य, बिळात कोठार

पाळलेल्या हॅमस्टरच्या वाटीत दाणे टाका. तो दोन-चार खातो, बाकीचे भराभर गालांत कोंबतो आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यात नेऊन लपवतो. वाटी रिकामी झाली म्हणून आपण पुन्हा भरतो आणि तो पुन्हा तेच करतो. पोट केव्हाच भरलेलं असतं, तरी फेऱ्या थांबत नाहीत.

त्याच्या गालांत आतून दोन पिशव्या असतात आणि त्या थेट खांद्यांपर्यंत मागे जातात. पाठीच्या कण्याला जोडलेला एक स्नायू भरलेली पिशवी मागे ओढून धरतो. पिशवीच्या आत लाळग्रंथी नसल्याने दाणे कोरडे राहतात आणि साठवणीत टिकतात. बिळात पोचल्यावर हॅमस्टर पुढच्या पंजांनी गाल मागून पुढे दाबतो आणि सगळा माल बाहेर काढतो.

पाळला जाणारा सोनेरी हॅमस्टर मूळचा सीरियातल्या अलेप्पो परिसरातला आणि त्याला लागून असलेल्या दक्षिण तुर्कस्तानातला. तिथल्या शेतांत माद्यांवर पाळत ठेवली, तेव्हा त्या दिवसाकाठी जेमतेम तास-दीड तास बिळाबाहेर असल्याचं दिसलं. उघड्यावर शिकारी पक्षी आणि कोल्ह्यांची भीती असते. म्हणून दाणा तिथेच बसून खायचा नाही, गालात भरायचा आणि बिळात येऊन निवांत खायचा.

पण गरजेपेक्षा इतकं जास्त कशाला? उंदराला उपाशी ठेवून मग अन्न दिलं, तर तो अधाशासारखा खातो. हॅमस्टर मात्र उपासानंतरही जवळपास नेहमीएवढंच खातो. वाढते ती साठवण. त्याची भूक पोटापेक्षा कोठारात जास्त दिसते. पोट भरलं की खाणं थांबतं, पण समोर दाणा असेपर्यंत साठवणं थांबेलच असं नाही.

थंडीच्या देशात हा स्वभाव कामी येतो. युरोपातला रानटी हॅमस्टर थंडीत झोपतो, पण सलग नाही. दर काही दिवसांनी तो जागा होतो, कोठारातलं खातो आणि पुन्हा झोपतो. हिवाळा किती लांबेल हे त्याला कळण्याची सोय नाही. धान्य उरलं तर फारसं बिघडत नाही, संपलं तर जीव जातो. म्हणून त्याच्या बिळात कित्येक किलो धान्य सापडतं.

पिंजऱ्यात हिवाळाही नाही आणि शिकारीही नाही, पण स्वभाव तोच आहे. तेव्हा साफसफाई करताना त्याचं सगळं कोठार उपसू नका. ओली भाजी, फळं तेवढी काढा, कारण ती सडतात. कोरडे दाणे थोडे तरी जागेवर राहू द्या. चिकट खाऊ देऊ नका, तो गालात अडकतो. एका बाजूचा गाल दिवसभर फुगलेलाच राहिला किंवा तोंडाला दुर्गंधी आली, तर स्वतः काढायला जाऊ नका. प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा.