ठिबक अनुदानाचा अर्ज रखडल्यास: विचारणा कोठे आणि कशी करावी

ठिबक सिंचनासाठी अर्ज केला, संच बसवला, तपासणीही झाली. परंतु अनुदान जमा होत नाही. तालुका कृषी कार्यालयात चौकशी केली असता ‘अर्ज प्रक्रियेत आहे’ किंवा ‘वरून निधी आलेला नाही’ एवढेच उत्तर मिळते. अनेक शेतकरी बांधव अशी उत्तरे ऐकत महिनोन्‌महिने फेऱ्या मारतात. या फेऱ्या निष्फळ ठरण्याचे एक कारण विचारणेच्या पद्धतीत दडलेले असते. ‘माझे काम कधी होणार?’ या प्रश्नाचे उत्तर समोरच्या लिपिकाजवळ बहुधा नसते. ‘अमुक क्रमांकाचा अर्ज अमुक तारखेच्या तपासणीनंतर कोणाकडे, कोणत्या तारखेपासून आहे?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र कार्यालयाच्या नोंदीत असते आणि ते देता येते.

महाराष्ट्रात हे अर्ज ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावरून होतात. ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकास ५५ टक्के आणि इतरांस ४५ टक्के अनुदान मिळते. राज्याच्या पूरक अनुदानामुळे ते अनुक्रमे ८० व ७५ टक्क्यांपर्यंत जाते. हे टक्के शासनाने ठरवलेल्या मापदंड खर्चावर मोजले जातात, विक्रेत्याच्या देयकावर नव्हे. त्यामुळे हाती येणारी रक्कम देयकाच्या हिशेबापेक्षा कमी असू शकते. तो विलंब नव्हे आणि त्याविषयीची तक्रारही वेगळी.

अर्जाचा मार्ग साधारणतः असा असतो: अर्ज, निवड, कागदपत्रांची छाननी, पूर्वसंमती, खरेदी व उभारणी, देयक अपलोड करणे, मोका तपासणी, तालुका स्तरावरील पडताळणी, देयकाची शिफारस आणि शेवटी खात्यात रक्कम. यांतील काही टप्पे शेतकऱ्याच्या हातचे आहेत, काही कार्यालयाच्या, तर शेवटचा बँकेशी जोडलेला आहे. संकेतस्थळावर दिसणारा ‘प्रलंबित’ हा शब्द या तिन्हींत भेद करीत नाही. म्हणून पाठपुराव्यास निघण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर टप्प्यांच्या तारखा ओळीने लिहाव्यात. जेथे पुढील तारीख सापडत नाही, तेथे अर्ज थांबलेला आहे.

एक बाब आधीच तपासून घ्यावी. देयकाची तारीख पूर्वसंमतीच्या तारखेपूर्वीची असेल, तर अर्ज विलंबामुळे नव्हे तर अपात्रतेमुळे थांबलेला असण्याची शक्यता मोठी, आणि पत्रव्यवहाराने ती अडचण दूर होत नाही.

एक उदाहरण

केळीच्या ०.८० हेक्टर क्षेत्रासाठी एका शेतकऱ्याने १२ जून २०२५ रोजी अर्ज केला, असे समजू. पूर्वसंमती ८ ऑगस्ट रोजी मिळाली. संच बसवून देयक २९ ऑगस्ट रोजी अपलोड झाले. मोका तपासणी २३ सप्टेंबर रोजी झाली. त्यानंतर काहीच नाही. डिसेंबर संपेपर्यंत त्याने कार्यालयात चार फेऱ्या मारल्या आणि दर वेळी निधीचे कारण ऐकले. या चारही भेटींची कोठेही नोंद नाही. कागदाच्या दृष्टीने त्या झाल्याच नाहीत.

५ जानेवारी २०२६ रोजी त्याने तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या नावे पुढील पत्र दिले.

‘विषय: ठिबक सिंचन अनुदान अर्ज क्र. ……… च्या सद्यःस्थितीबाबत.
संदर्भ: १) अर्ज, दि. १२/०६/२०२५. २) पूर्वसंमतीपत्र क्र. ………, दि. ०८/०८/२०२५. ३) देयक क्र. ………, अपलोड दि. २९/०८/२०२५. ४) मोका तपासणी, दि. २३/०९/२०२५.
महोदय, संदर्भ ४ नुसार तपासणी होऊन तीन महिन्यांहून अधिक काळ लोटला आहे. कृपया पुढील बाबी लेखी कळवाव्यात: (अ) तपासणी अहवाल आपल्या कार्यालयास कोणत्या तारखेस प्राप्त झाला, (आ) अर्जात त्रुटी काढली असल्यास ती कोणती व मला कोणत्या तारखेस कळवली, (इ) देयकाची शिफारस झाली असल्यास तिची तारीख. संदर्भांकित कागदपत्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.’

पत्रात तक्रारीचा सूर नाही, कोणावर आरोप नाही आणि अनुदानाची मागणीही नाही. केवळ तीन तारखा विचारल्या आहेत. त्यांपैकी तिसरी विशेष महत्त्वाची आहे, कारण ‘निधी नाही’ या उत्तराचा खरेपणा तिच्यावरून कळतो. शिफारस होऊन देयक निधीच्या प्रतीक्षेत असेल, तर तालुका कार्यालयाचे काम झालेले आहे आणि तेथे आणखी फेऱ्या मारून उपयोग नाही. शिफारसच झाली नसेल, तर निधी आला तरी तो या अर्जापर्यंत पोहोचणार नाही.

पत्राची दुसरी प्रत आवक विभागात दाखवून तिच्यावर शिक्का, स्वाक्षरी, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. हा आवक क्रमांक मिळाला की पत्र कार्यालयाच्या नोंदवहीत आले. पुढील प्रत्येक पत्रात मूळ अर्ज क्रमांकासोबत तोही लिहावा. पोच देण्यास टाळाटाळ झाल्यास वाद घालू नये. पत्र स्पीड पोस्टने पाठवून पावती आणि पत्र पोहोचल्याची नोंद जपून ठेवावी.

उत्तरात काय निघाले

आठवडाभराने लेखी उत्तर आले. अहवाल ३० सप्टेंबर रोजी कार्यालयात आला होता आणि १४ ऑक्टोबर रोजी त्रुटी काढून अर्ज परत पाठवला गेला होता. देयकात ५,३५० मीटर लॅटरल होती, तर तपासणीत ३,४५० मीटरच आढळली. शेत दोन गटांत विभागलेले होते, एकात ०.५२ आणि दुसऱ्यात ०.२८ हेक्टर. ओळींतील अंतर १.५ मीटर धरल्यास पहिल्या गटात सुमारे ३,४७० आणि दुसऱ्यात सुमारे १,८७० मीटर नळी लागते. म्हणजे देयक बरोबर होते. तपासणी एकाच गटाची झाली होती.

मग त्रुटीचा संदेश शेतकऱ्यास का मिळाला नाही? अर्ज गावातील सेवा केंद्रावर भरला होता आणि नोंदणीत मोबाइल क्रमांक केंद्रचालकाचा होता. असे सर्रास घडते. त्रुटी काढल्यावर चेंडू शेतकऱ्याच्या अंगणात असतो, कार्यालय उत्तराची वाट पाहते आणि शेतकरी कार्यालयाची. तीन महिने याच रीतीने गेले होते. निधीचा येथे काही संबंधच नव्हता.

शेतकऱ्याने १४ जानेवारी रोजी दुसरे पत्र दिले. त्यात पहिल्या पत्राचा आवक क्रमांक, कार्यालयाच्या उत्तराचा जावक क्रमांक, दोन्ही गटांचे सातबारा उतारे आणि नळीचा वरील हिशेब होता. दुसऱ्या गटाची तपासणी करण्याची विनंती केली होती. सोबत नोंदणीतील मोबाइल क्रमांकही बदलून घेतला. १६ जानेवारीस फेरतपासणी झाली.

उत्तरच न आल्यास

पहिल्या पत्रास उत्तर आले नसते, तर महाराष्ट्रात दोन कायदे उपयोगी पडले असते. पहिला २००५ चा, ज्यास बोलीभाषेत ‘दफ्तर दिरंगाई कायदा’ म्हणतात. त्याच्या कलम १० नुसार कोणतीही नस्ती सर्वसाधारणपणे एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहू नये, आणि दुसऱ्या विभागाकडे पाठवण्याची गरज नसलेल्या प्रकरणावर ४५ दिवसांत निर्णय व्हावा. वरील उदाहरणात तपासणीपासूनचे ४५ दिवस ७ नोव्हेंबर रोजी पूर्ण होतात. स्मरणपत्रात एवढाच हिशेब मांडावा आणि त्याची प्रत उपविभागीय कृषी अधिकाऱ्यांस द्यावी. या कायद्याने निधी उपलब्ध होत नाही. तो केवळ कागद एका टेबलावर किती दिवस राहावा, हे सांगतो.

दुसरा माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. तो बेळगाव, इंदूर किंवा वडोदऱ्याच्या मराठी शेतकऱ्यासही तितकाच उपयोगी आहे. अर्ज जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे करावा. महाराष्ट्रात शुल्क १० रुपये असून ते कोर्ट फी स्टॅम्पने भरता येते. अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत असावा. ‘माझे अनुदान का दिले नाही?’ असे विचारल्यास बहुधा हाती काही लागत नाही, कारण या कायद्याने नोंदीत असलेली माहिती मिळते, स्पष्टीकरण नव्हे. त्याऐवजी ‘अर्ज क्र. ……… च्या नस्तीतील टिपणी, तपासणी अहवाल आणि त्रुटीपत्र यांच्या साक्षांकित प्रती’ मागाव्यात. टिपणीवर प्रत्येक टेबलाची तारीख असते. खरा विलंब कोठे झाला, हे तेथे दिसते. ३० दिवसांत माहिती न मिळाल्यास पुढील ३० दिवसांत त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे प्रथम अपील करता येते. ही मुदत अनेकांच्या हातून निसटते.

बियाणे, खते किंवा कीटकनाशके यांच्या विक्री परवान्याचा अर्ज रखडला असेल, तर मार्ग थोडा वेगळा आहे. अशा सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिसूचित केल्या जातात. सेवेची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचे नाव कार्यालयाच्या फलकावर लावलेले असावे लागते. मुदत संपल्यापासून ३० दिवसांत प्रथम अपील करता येते. त्यासाठी अर्जाच्या पोचवरील विशिष्ट अर्ज क्रमांक लागतो. तो नसल्यास मुदत केव्हा सुरू झाली, हे सिद्ध करणे अवघड होते. इतर राज्यांत अशाच स्वरूपाचे कायदे आहेत, मात्र सेवांची यादी आणि मुदती वेगळ्या आहेत.

शेवटचा टप्पा

उदाहरणातील अर्जाची शिफारस फेब्रुवारीत झाली आणि संकेतस्थळावर रक्कम वितरित झाल्याचे दिसू लागले. तरीही जिल्हा बँकेच्या पासबुकात काही जमा नव्हते. अनुदान आधार क्रमांकाच्या आधारे वितरित होते. आधारशी जे खाते सर्वांत अलीकडे जोडले असेल, त्यात ते जाते, अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असे नाही. `myaadhaar.uidai.gov.in` वर आधार क्रमांकाने प्रवेश करून Bank Seeding Status पाहिल्यास बँकेचे नाव दिसते. येथे ती दुसरीच बँक निघाली. दोन वर्षांपूर्वी पीककर्जासाठी उघडलेले आणि नंतर विसरलेले ते खाते होते. रक्कम तेथे जमा होती.