ताळा जुळेपर्यंत

आरटीएक्स 3080 या ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीचा वेग आफ्टरबर्नरमध्ये 9501 मेगाहर्ट्झ दिसतो. तिथला मेमरीचा स्लायडर उजवीकडे सरकवत नेला की आकडा निमूटपणे चढतो: 9800, 10000, 10250. पडद्यावर काहीच बिघडत नाही. रंग विसकटत नाहीत, गेम बंद पडत नाही. तरीही एका टप्प्यावर फ्रेम वाढायच्या थांबतात, आणि आणखी पुढे गेलं की चक्क कमी होऊ लागतात. कार्ड कारखान्यातून आलं तेव्हा जेवढं काम करत होतं, त्यापेक्षाही कमी काम आता करतं आणि वेगाचा आकडा मात्र आतापर्यंतचा सर्वांत मोठा असतो.

हा आकडा खोटा नसतो. मेमरीचं घड्याळ खरोखरच तेवढ्या वेगानं टिकटिकत असतं. पण टिकटिकीबरोबर किती माल पाठवला गेला एवढंच त्यावरून कळतं. त्यातला किती माल धड पोहोचला आणि किती पुन्हा पाठवावा लागला, याची त्या आकड्यात नोंदच नसते. ही फेरपाठवणी कार्डाच्या आत, आपल्याला पत्ता लागू न देता चालते. ती कशी चालते हे कळलं की या यंत्राकडे बघण्याची नजरच बदलते.

आधी तारा बघू. 3080 च्या मुख्य चिपपासून मेमरीच्या दहा चिपांपर्यंत डेटा वाहणाऱ्या 320 तारा जातात. तारा म्हणजे सर्किट बोर्डात कोरलेल्या तांब्याच्या बारीक रेघा. प्रत्येक रेघेवरून सेकंदाला 19 अब्ज बिट धावतात, म्हणून सगळ्या मिळून सेकंदाला 760 गिगाबाइट होतात. हा वेग गाठण्यासाठी जीडीडीआर6एक्स मेमरीत एक युक्ती केलेली आहे. विजेच्या दाबाच्या दोन पातळ्यांऐवजी चार पातळ्या वापरायच्या, म्हणजे एका ठोक्यात एकदम दोन बिट जातात. तरीही एका ठोक्याच्या वाट्याला जेमतेम 105 पिकोसेकंद येतात. एवढ्या वेळात निर्वात पोकळीतला प्रकाशही तीन सेंटिमीटरच्या थोडाच पुढे जातो, आणि बोर्डातल्या तांब्यावरून संकेत त्याच्या साधारण निम्मंच अंतर कापतो. मेमरीच्या चिपा मुख्य चिपपासून काही सेंटिमीटरवर बसवलेल्या असतात. म्हणजे पहिला ठोका पलीकडे पोहोचायच्या आत त्याच्यामागून दुसरा, कधी तिसराही, त्याच रेघेवर वाटचाल करत असतो. ही गोष्ट प्रथम कळली तेव्हा मी हातातलं कार्ड उलटंसुलटं करून बराच वेळ बघत बसलो होतो.

आता चार पातळ्या त्याच उंचीत बसवायच्या म्हटल्यावर दोन शेजारच्या पातळ्यांमधलं अंतर पूर्वीच्या एक तृतीयांश उरतं. घेणाऱ्या बाजूला त्या चिमुकल्या वेळात, त्या चिमुकल्या फटीत, बरोबर पातळी ओळखायची असते. शेजारच्या रेघेची गडबड, वीजपुरवठ्याची थरथर, घड्याळाच्या ठोक्याचं किंचित पुढेमागे होणं, या सगळ्याचं सावट तिच्यावर असतंच. वेग वाढवला की फट वेळेच्या अंगानं आणखी अरुंद होते. 9501 चे 10250 केले की 105 पिकोसेकंदांचे 98 होतात. सात-आठ पिकोसेकंद गेले, एवढंच. पण चुका याच काठावर जमलेल्या असतात.

चुकांचं प्रमाण किती असलं म्हणजे चालेल, याचाही अंदाज घेऊ. 320 तारांवरून सेकंदाला एकूण सहा लाख आठ हजार कोटी बिट जातात. एक लाख कोटी बिटांमागे एकच चूक झाली तरी दर सेकंदाला सहा बिट चुकीचे पोहोचतील. दोन तास गेम खेळलात तर चाळीस हजारांवर चुका. चुका होऊच द्यायच्या नाहीत असं ठरवलं तर हा वेग कधीच गाठता आला नसता. म्हणून मेमरी बनवणाऱ्यांनी चूक पकडण्याची सोय केली.

ती सोय प्रमाण मेमरीत आली जीडीडीआर5 बरोबर. शाळेत गुणाकार केल्यावर आपण नऊ काढून ताळा बघायचो, हे काम त्याच जातीचं आहे. डेटाच्या दर आठ तारांमागे एक जादा तार असते. त्या आठ तारांवरून एका दमात आठ-आठ बिट गेले की त्यांचा, आणि सोबत जाणाऱ्या एका नियंत्रण तारेवरच्या आठ बिटांचा, मिळून 72 बिटांचा ताळा काढतात. तो ताळा स्वतः आठ बिटांचा असतो आणि जादा तारेवरून जातो. यातला मला सर्वांत आवडणारा भाग असा की मेमरीची चिप ताळा फक्त काढते, तपासत कधीच नाही. वाचताना ती डेटा पाठवते आणि मागोमाग त्याचा ताळा पाठवते. लिहिताना तिच्याकडे जे पोहोचलं त्याचा ताळा काढून ती मुख्य चिपकडे परत पाठवते. दोन्ही वेळा ताळा जुळतो का हे बघतो तो मुख्य चिपमधला मेमरी कंट्रोलर. जुळला तर पुढचं काम. नाही जुळला तर तीच विनंती पुन्हा, ताळा जुळेपर्यंत.

म्हणजे इथे चूक ‘दुरुस्त’ होत नाही. सर्व्हरच्या मेमरीत जादा बिटांवरून कोणता बिट चुकला हे शोधून तो जागच्या जागी उलटवतात. तशी दुरुस्ती ही नव्हे. इथे चूक झाली एवढंच कळतं, आणि उपाय एकच: पुन्हा पाठव. म्हणूनच त्याची किंमत वेळेत मोजावी लागते.

या सोयीनं ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांची जुनी खूण हिरावून घेतली. पूर्वी मेमरीचा वेग वाढवत न्यायचा, पडद्यावर रंगीत ठिपके किंवा फाटलेले त्रिकोण दिसू लागले की थोडं मागे यायचं, असा सरळ रिवाज होता. 2008 मध्ये रेडिऑन एचडी 4870 बरोबर जीडीडीआर5 बाजारात आली, पण चूक पकडून फेरपाठवणी करणारा कंट्रोलर एएमडीनं 2009 च्या सप्टेंबरात एचडी 5870 मध्ये आणला. त्या कार्डावर जास्त ताणलेली मेमरी ठिपके दाखवण्याऐवजी निमूट हळू होऊ लागली. 2020 मध्ये आरटीएक्स 30 मालिका आली तेव्हा एनव्हिडियानं आपल्या तांत्रिक पुस्तिकेत हे उघड लिहिलं: वेग वाढवूनही कामगिरी वाढायची थांबली, की मेमरीची मर्यादा आली असं समजा.

आता एक हिशेब करू. एक फेरपाठवणी म्हणजे एकच खेप वाया, असं नसतं. चुकीचा निकाल यायला वेळ लागतो, तोवर पुढच्या विनंत्या रांगेत लागलेल्या असतात, त्या थांबवून मागे जावं लागतं. हा सगळा खोळंबा 20 खेपांएवढा वेळ खातो असं धरू. हा आकडा आणि पुढचे चुकांचे आकडे नुसते हिशेबासाठी धरलेले आहेत, कार्डागणिक ते बदलतील.

10100 वर घड्याळ मूळच्या 6.3 टक्के पुढे आहे. दर दहा हजार खेपांत एक बिघडते. वाया गेलेला वेळ नगण्य, पदरात पडतात 6.1 टक्के. 10250 वर घड्याळ 7.9 टक्के पुढे, पण आता 250 खेपांत एक बिघडते. 250 खेपांचं काम व्हायला 270 खेपांचा वेळ जातो आणि हिशेब जवळपास जिथून निघालो तिथेच येतो. 10400 वर घड्याळ साडेनऊ टक्के पुढे. शंभरात एक खेप बिघडते, शंभर खेपांना 120 खेपांचा वेळ लागतो, आणि प्रत्यक्ष काम मूळच्यापेक्षा जवळपास नऊ टक्के घटतं. चढ हलका आणि उतार कडेलोटासारखा, असा या आलेखाचा आकार होतो. कारण वेग सरळ रेषेत वाढतो, पण काठाजवळ चुका एकेका पावलाला कित्येक पटींनी वाढतात.

हे आपल्या कार्डावर बघायचं तर आधी दुसरे संशयित बाजूला काढावे लागतात. मेमरी वेगानं चालली की जास्त वीज खाते. कार्डाची एकूण वीजमर्यादा तीच असल्यामुळे मुख्य चिपच्या वाट्याची वीज कमी होते, तिचा वेग उतरतो आणि फ्रेम त्यामुळेही घटू शकतात. म्हणून मुख्य चिपचा वेग जरा खालीच बांधून टाकावा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार घेऊन पहिला आदेश द्यायचा, आणि चाचणी संपली की दुसरा:

```
nvidia-smi -lgc 1600,1600
nvidia-smi -rgc
```

कार्ड चांगलं तापू द्यावं, कारण थंड कार्डावर फट रुंद असते आणि मर्यादा फसवी दिसते. मग मेमरीवर खरा भार टाकणारी, 4के रिझोल्यूशनची, दर वेळी तंतोतंत तीच दृश्यं दाखवणारी चाचणी लावायची. शंभर-शंभर मेगाहर्ट्झनं चढायचं, प्रत्येक पायरीवर दोनतीनदा गुण टिपायचे. शंभर मेगाहर्ट्झ म्हणजे साधारण एक टक्का, आणि दोन चाचण्यांत आपोआपही तेवढा फरक पडू शकतो, म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नये. गुण सपाट होऊ लागले की फेरपाठवणी सुरू झाली असं धरावं, आणि जिथे ते अजून चढत होते तिथून एखादी पायरी खाली यावं. शिखरावर बसू नये. एखाद्या तापलेल्या दुपारी ते शिखर खाली सरकलेलं असतं.

इथेरियमचं मायनिंग करणाऱ्यांना हे शिखर फार चांगलं ठाऊक होतं. त्या गणितात एका प्रयत्नासाठी मेमरीतून 128 बाइटचे 64 तुकडे वाचावे लागत, म्हणजे 8192 बाइट. 760 गिगाबाइटना 8192 नं भागलं की सेकंदाला सुमारे 9 कोटी 28 लाख प्रयत्न ही 3080 ची कमाल सीमा निघते. गणित जवळजवळ पूर्ण मेमरीवर अवलंबून असल्यामुळे फेरपाठवणी लगेच कमाईत दिसायची. रेडिऑन कार्डांवर तर एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये GPU Memory Errors अशी ओळच असायची, आणि मायनर मंडळी तिच्यावर डोळा ठेवून वेग ठरवत. गेम खेळणाऱ्याच्या एनव्हिडिया कार्डावर अशी मोजणी सहसा दिसत नाही, म्हणून तिथे गुणांच्या आलेखावरून अंदाज बांधावा लागतो.

ठिपके दिसत नाहीत म्हणजे डेटा शाबूत आहे, असं मात्र धरून चालू नये. 72 बिटांतले एक, दोन किंवा तीन बिट चुकले तर जीडीडीआर5 चा ताळा ते हमखास पकडतो. त्याहून मोठा गोंधळ झाला तर 256 मध्ये साधारण एकदा ताळा योगायोगानं जुळून जातो आणि चुकीचा माल खरा म्हणून आत येतो. दुसरं असं की हा पहारा फक्त डेटाच्या तारांवर आहे. कोणत्या पत्त्यावरचं वाचायचं हे सांगणाऱ्या तारांवर तो नाही. तिथे चूक झाली की भलत्याच जागेचा डेटा अगदी बरोबर ताळ्यासह येतो, आणि मग ड्रायव्हर कोसळतो. आणि मेमरीच्या चिपच्या आत साठवलेला बिटच उलटला असेल तर चिप त्या चुकलेल्या बिटाचाच ताळा काढते. तो जुळणारच.

या शेवटच्या भगदाडावर 2024 मध्ये जाहीर झालेल्या जीडीडीआर7 च्या मानकात उपाय आहे. तिथे साठवलेल्या बिटांची दुरुस्ती मेमरीची चिप स्वतःच करते आणि तशी खबर लगेच कंट्रोलरला देते.