पुसलेल्या फाइलीचा माग : ext4 आणि एनटीएफएस यांविषयीचे काही गैरसमज

विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवरून कायमची काढून टाकलेली फाइल एखाद्या साध्या प्रोग्रॅमच्या साहाय्याने नावानिशी परत मिळते, आणि तोच प्रमाद लिनक्सच्या ext4 डिस्कवर घडला तर जाणकारही आशा धरू नका म्हणून सांगतात, हा अनुभव पुष्कळांच्या परिचयाचा आहे. अनुभव खरा, परंतु त्याची जी कारणे सर्रास सांगितली जातात, ती बहुतेक खोटी आहेत.

गैरसमज : लिनक्स फाइलीतला मजकूर पुसते, विंडोज पुसत नाही.

वस्तुस्थिती अशी की मजकुराला दोघेही हात लावीत नाहीत. फाइल काढून टाकणे ही केवळ दप्तरातली घडामोड आहे. खातेदाराचे नाव कमी झाले म्हणून जमीन जागची हलत नाही, हे जसे खरे, तसेच डिस्कवरील मजकूर त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत होता तेथेच असतो. भेद आहे तो दप्तर बंद करण्याच्या रीतीत : एनटीएफएस उताऱ्यावर ‘रद्द’ असा शेरा मारते, तर ext4 त्या उताऱ्यातले गटक्रमांकच खरडून टाकते.

एनटीएफएसमध्ये प्रत्येक फाइलीची एक नोंद असते; ती सामान्यतः १०२४ बाइटांची असून एमएफटी नावाच्या मुख्य तक्त्यात राहते. फाइलीचे नाव, तिच्या फोल्डराचा निर्देश, तिचे आकारमान आणि तिचा मजकूर डिस्कच्या कोणत्या क्लस्टरापासून किती क्लस्टरांपर्यंत पसरला आहे याची यादी, हे सारे तिच्यात एकत्र असते. फाइल काढून टाकली की ही नोंद वापरात असल्याची खूण उतरवली जाते, तिचा अनुक्रमांक एकाने वाढतो आणि क्लस्टर मोकळे झाल्याचे दुसरीकडे नोंदले जाते. मात्र नाव आणि क्लस्टरांची यादी जशीच्या तशी उरते. परत मिळवणाऱ्या प्रोग्रॅमला ती खूण उतरलेल्या नोंदी शोधून त्यांतली यादी वाचावयाची, एवढेच काम असते.

आता ext4 वरील एक उदाहरण घेऊ. ४० किलोबाइटांच्या एका फाइलीचा आयनोड १३१०७७ असून तिचा मजकूर ५५७०५६ पासून ५५७०६५ पर्यंतच्या, प्रत्येकी ४ किलोबाइटांच्या १० ब्लॉकांत सलग आहे, असे समजा. आयनोडात हे सारे एका ओळीच्या नोंदीत, म्हणजे एकाच एक्सटेंटात, मावते. फाइल काढून टाकल्यानंतर तो आयनोड पाहावयाचा झाल्यास आज्ञा अशी :

```
debugfs -R 'stat <131077>' /dev/sdb1
```

उत्तरात दुव्यांची संख्या शून्य दिसते, फाइल केव्हा काढली तो काळ दिसतो. पण आकारमान शून्य झालेले असते आणि एक्सटेंटांची जागा रिकामी असते. शिवाय फाइलीचे नाव आयनोडात कधीच नसते, ते फोल्डराच्या यादीत असते. म्हणजे ते दहा ब्लॉक डिस्कवर अक्षत असूनही त्यांच्याकडे बोट दाखवणारे असे काहीही या आयनोडात उरलेले नसते.

गैरसमज : ही तजवीज गोपनीयतेसाठी केली आहे.

वस्तुस्थिती याहून वेगळी आणि अधिक मनोरंजक आहे. जुन्या ext2 मध्ये काढलेल्या फाइलीच्या आयनोडातील ब्लॉकांचे क्रमांक शाबूत राहत असत, आणि `debugfs` ची `lsdel` ही आज्ञा अशा फाइलींची यादीच पुढे ठेवीत असे. २००१ साली ext3 लिनक्सच्या कर्नेलात दाखल झाले ते जर्नल घेऊन. वीज अकस्मात गेली तरी संपूर्ण डिस्क तपासत बसावे लागू नये, हा त्या जर्नलाचा हेतू होता.

एखादी प्रचंड फाइल काढावयाची म्हणजे डिस्कच्या अनेक विभागांतील हजारो ब्लॉक मोकळे करावयाचे, आणि एवढे फेरफार जर्नलाच्या एका व्यवहारात मावतीलच असे नाही. म्हणून ते काम तुकड्यातुकड्याने होते. मध्येच वीज गेली, तर पुन्हा सुरू झाल्यावर कोठवर काम झाले होते हे यंत्रणेला कळले पाहिजे. यासाठी जे ब्लॉक मोकळे केले त्यांचे निर्देश त्याच व्यवहारात काढून टाकले जातात. ते तसेच ठेवले असते, तर एव्हाना दुसऱ्या फाइलीला दिले गेलेले ब्लॉक पुन्हा एकदा ‘मोकळे’ ठरून त्या निरपराध फाइलीचा नाश ओढवण्याचा संभव होता. ext4 ने हीच रीत पुढे चालवली. तेव्हा फाइल परत न मिळणे हा हेतू नव्हे. सुरक्षित पुनरारंभासाठी मोजलेली ती किंमत आहे.

गैरसमज : ext4 वरून काहीच परत मिळत नाही.

तीन वाटा उरतात. पहिली सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित : फाइल कोणत्याही प्रोग्रॅमने उघडी ठेवली असेल, तर नाव गेले तरी आयनोड मोडला जात नाही. `lsof +L1` या आज्ञेने अशा फाइली दिसतात आणि `/proc` मधील त्या प्रोग्रॅमच्या `fd` फोल्डरातून त्यांची नक्कल करून घेता येते. तोवर तो प्रोग्रॅम बंद मात्र करू नये.

दुसरी वाट जर्नलाची. एका आयनोडात बदल झाला तरी जर्नलात सबंध ब्लॉक उतरवला जातो, आणि २५६ बाइटांचे सोळा आयनोड एका ब्लॉकात राहत असल्याने शेजाऱ्याच्या बदलापायीही आपल्या आयनोडाची जुनी, एक्सटेंटांसह असलेली प्रत तेथे सापडू शकते. `extundelete` हा प्रोग्रॅम तीच शोधतो. परंतु जर्नल चक्राकार असून वर्दळीच्या यंत्रावर जुन्या प्रती लवकरच झाकल्या जातात. म्हणून डिस्क तात्काळ अनमाउंट करावी, आणि पाहण्यासाठी माउंट करणे भाग पडले तर `ro,noload` हे पर्याय द्यावेत, कारण नुसत्या `ro` ने अपुरे राहिलेले जर्नल पुन्हा राबवले जाऊन डिस्कवर लेखन होऊ शकते.

तिसरी वाट म्हणजे `photorec` सारख्या प्रोग्रॅमने फाइलींच्या आरंभीच्या ठरावीक खुणांवरून मजकूर हुडकणे. यात नाव व फोल्डर मिळत नाहीत, आणि विखुरलेली फाइल बहुधा अर्धीच हाती लागते.

गैरसमज : एनटीएफएसवर फाइल हमखास परत मिळते.

एमएफटीतली मोकळी नोंद नव्या फाइलीला दिली गेली की जुनी यादी नाहीशी होते. सुमारे ७०० बाइटांपर्यंतच्या फाइलींचा मजकूरही बहुधा त्या नोंदीतच असतो, म्हणून तोही तिच्याबरोबर जातो. परंतु याहून मोठा घाला एसएसडीचा आहे. २००९ च्या विंडोज ७ पासून फाइल काढताच तिचे क्लस्टर निरुपयोगी झाल्याची वर्दी ट्रिम आज्ञेने एसएसडीला दिली जाते, आणि त्यानंतर त्या जागा वाचल्यास बहुधा शून्येच मिळतात. यादी निर्दोष, पण तिच्याजोगा मजकूर नाही. उलट लिनक्सच्या अनेक वितरणांत हे काम आठवड्यातून एकदा `fstrim` कडून होते, त्यामुळे तेथे मजकूर काही दिवस टिकण्याचा संभव असतो, पण त्याचा पत्ता आयनोडातून गेलेला असतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर एनटीएफएसचे पारडे निःसंशय जड आहे. एसएसडीवर मात्र ते जडपण बहुतांशी नाममात्र उरते.