डाय हार्डला मराठीत काय म्हणाल?

२०२३ मध्ये ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांत आला, त्यांत मराठीही होती. नाव मात्र इंग्रजीच राहिलं, आणि ते बरोबरच होतं. स्पायडर-मॅनला ‘कोळीमाणूस’ म्हटलं तर प्रेक्षक आधी हसेल आणि मग मच्छीमाराची गोष्ट आहे का, असं विचारेल. खरी पंचाईत होते ती नाव हे विशेषनाम नसून एखादा वाक्प्रचार असतो तेव्हा.

१९८८ चा ‘डाय हार्ड’ घेऊ. न्यूयॉर्कचा पोलीस जॉन मॅक्लेन नाताळच्या आदल्या संध्याकाळी बायकोला भेटायला लॉस एंजेलिसला येतो, तिच्या ऑफिसच्या उंच इमारतीत सशस्त्र टोळी शिरते आणि हा गडी अनवाणी, काचांवरून धावत एकटा लढतो. शब्दश: ‘कठीण मरण’ केलं, तर एखाद्या रुग्णाच्या शेवटच्या दिवसांवरचा गंभीर चित्रपट वाटेल. इंग्रजी नाव मरणाबद्दल नाहीच. सहजासहजी हार न मानणाऱ्या माणसाला तिकडे तसं म्हणतात. म्हणजे नाव माणसाच्या स्वभावाचं आहे, आणि मराठीतही स्वभावाचाच शब्द शोधायला हवा.

पोलंडने दुसरी वाट धरली. तिथे नाव ठेवलं ‘काचेचा सापळा’, म्हणजे जागेचं. पहिल्या चित्रपटाला ते झकास बसलं. पण १९९० मध्ये दुसरा भाग आला तो विमानतळावर घडणारा. काचेची इमारत गेली, सापळा बदलला, नाव मात्र चिकटून राहिलं. म्हणून नाव ठरवताना दुसऱ्या भागाचा विचार आजच करावा लागतो.

आता मराठी पर्याय. ‘मरता मरेना’ ऐकायला गंमतशीर, पण घरात सगळ्यांना नकोशा झालेल्या म्हाताऱ्या काकांवरचं विनोदी नाटक डोळ्यांसमोर येतं. ‘झुंजार’ रुबाबदार, पण जुन्या वाचकाला लगेच बाबूराव अर्नाळकरांचा नायक आठवणार, आणि मॅक्लेन काही रुबाबदार नाही. तो घामेजलेला, कुरकुरणारा आहे. उरतो ‘चिवट’. छोटा, रांगडा, थोडा वैतागलेला शब्द. माणसाला लावला की कौतुक आणि चीड दोन्ही त्यात येतात, अगदी या पोलिसासारखं. भाकरीही चिवट असते, हा धोका आहेच. पण पोस्टरवर आग आणि रक्तबंबाळ माणूस असताना भाकरी कुणाला आठवणार? चित्र नसलेल्या नुसत्या जाहिरातीत मात्र खाली एक उपओळ लागेल. मी असतो तर ‘चिवट’च ठेवलं असतं.

त्याचा आणखी एक फायदा व्याकरणाचा आहे. ‘चिवट’ला लिंग-वचनाने फरक पडत नाही. याउलट २०१३ चा ‘फ्रोझन’ पाहा. ‘गोठलेला’, ‘गोठलेली’ की ‘गोठलेले’? इंग्रजीत हे ठरवावं लागत नाही, मराठीत पहिल्याच पावलावर ठरवावं लागतं. ‘गोठलेली’ म्हटलं की कोण, एल्सा की अ‍ॅना, हा प्रश्न, आणि कथेचा एक धागा उघडा पडतो. ‘गोठलेले’ तर फ्रीजमधल्या मटारांचंच नाव. फ्रान्सने ‘हिमराणी’ अशा अर्थाचं नाव घेतलं. मराठीतही ते सरळ चालेल, मुलांना पटकन कळेल.

शब्दापेक्षा सूर महत्त्वाचा, हे मराठी रंगभूमीला जुनंच ठाऊक आहे. ‘माय फेअर लेडी’ शब्दश: ‘माझी गोरी बाई’ झाली असती, लग्नाच्या जाहिरातीइतकी भयंकर. पु. ल. देशपांड्यांनी शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून नाटक केलं तेव्हा नाव दिलं ‘ती फुलराणी’. नायिका फुलं विकते, आणि बालकवींची ‘फुलराणी’ मराठी माणसाच्या कानात आधीच होती. एका शब्दात धंदा, लाड आणि थोडी थट्टा.

नाव सुचल्यावर ते मोठ्याने म्हणून पाहावं, तेही बोलण्याच्या वाक्यात: “चिवट बघायला येतोस का?” अडखळायला होत नाही ना? मग त्याच नावाचा मराठी चित्रपट आधी आलाय का, हे तपासायचं. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटलं आहे, पण प्रेक्षकाचा घोळ होतोच.

शेवटचा अडथळा परदेशातल्या स्टुडिओचा. मंजुरी देणाऱ्याला मराठी येत नसेल, तर तो नावाचा इंग्रजी अर्थ मागतो. ‘चिवट’ म्हणजे ‘चावायला कठीण’ एवढंच लिहून पाठवलं, तर नकार ठरलेला. सोबत दोन वाक्यं हवीत: हा शब्द मराठीत अशा माणसासाठी वापरतात ज्याला कितीही मारा, तो उठून परत येतोच, आणि तो म्हणताना ओठांवर कुरकुर असते, पण मनात दाद असते.